पुण्यातल्या सोसायट्यांमधले मुलांचे वाढदिवस : एक मागोवा

पुण्यात मुलांचा वाढदिवस पैसे देऊन बाहेरच्यांकडून करून घेण्याची पद्धत साधारण गेल्या तीन दशकांतली आहे. त्याआधी तो घरच्यांच्या हातचा असे. वाड्यांमध्ये पुष्कळदा तो तिथीने साजरा होई. सकाळी डोक्यावरून अंघोळ, नवे कपडे, पाटावर बसवून औक्षण, जेवणात खीर किंवा शिरा आणि संध्याकाळी देवदर्शन, एवढ्यात तो पार पडे. खेळायला वाड्यातलीच मुले असल्यामुळे वेगळे आमंत्रण लागत नसे. १९५६ साली पेशवे पार्कात फुलराणी धावू लागली, तेव्हापासून तिच्यात बसवून आणणे हीही मुलांच्या लेखी मोठी मेजवानी ठरली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या आणि शहराच्या कडेला पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढे सहकारी गृहनिर्माण सोसायट्या वाढल्या आणि वाढदिवस ओसरीवरून बंद दाराच्या फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात आला. येथे त्याला संध्याकाळची वेळ, पाहुण्यांची यादी आणि केक मिळाला. केक लष्कर भागातल्या किंवा डेक्कनच्या बेकरीतून आणला जाई, बाकीचे घरीच होई. क्रेप कागदाच्या पट्ट्यांना पीळ देऊन त्या भिंतींवर लावायच्या, घोटीव कागदाच्या चांदण्या कापायच्या आणि छताला एक मोठा फुगा टांगायचा, त्यात गोळ्या आणि कागदाचे कपटे भरलेले. बशीत केकचा तुकडा, वेफर्स, सामोसा किंवा बटाटेवडा आणि पेल्यात सरबत. खेळही ठरलेले होते. संगीत खुर्ची, ‘शिवाजी म्हणतो’, आणि ताटात मांडलेल्या वीस वस्तू मिनिटभर पाहून मग झाकायच्या आणि आठवून लिहायच्या. हे खेळ घेणारी मावशी किंवा आत्या म्हणजे आजच्या ‘होस्ट’ची पूर्वज. तिचे काम किती अवघड होते, हे ती नसलेल्या घरांत पुढे लक्षात आले.

ती नसण्याची कारणे शहराच्या वाढीतच होती. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. मगरपट्टा, खराडी, बाणेर, वाकड या बाजूंना मोठी गृहसंकुले झाली आणि त्यांत राहायला आलेल्या कित्येक कुटुंबांचे नातेवाईक दुसऱ्या गावी होते. आई-वडील दोघेही नोकरी करणारे, वाढदिवस पुष्कळदा कामाच्या दिवशी आणि बोलवायची मुले मात्र दोन गटांतली, शाळेतली आणि इमारतीतली. सुरुवातीला या अडचणीवर उपाय म्हणून पिझ्झा-बर्गरच्या दुकानांतले वाढदिवस लोकप्रिय झाले. तेथे खाणे, टोप्या, खेळ आणि झाडलोट सगळे एकाच रकमेत मिळे. पण ने-आणीचा त्रास राही आणि मुलांची संख्याही दुकान ठरवी. संकुलांमध्ये क्लबहाऊस बांधले जाऊ लागले, तसा वाढदिवस तेथे परतला. जागा सोसायटीची, काम करणारे बाहेरचे आणि मुले लिफ्टने खाली येणारी, हा आजचा साचा तेव्हा तयार झाला.

थीमची वाट दूरदर्शन संचाने मोकळी केली. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आले, १९९७ साली ‘शक्तिमान’ सुरू झाले, २००८ साली ‘छोटा भीम’ आला. आवडते पात्र आधी केकवर उमटले, मग टोप्या-ताटल्यांवर आणि शेवटी मागच्या पडद्यावर. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हा माल घाऊक भावाने मिळू लागला आणि तेथून खरेदी करणारा फुगेवाला हळूहळू ‘डेकोरेटर’ झाला. २०१३ च्या ‘फ्रोझन’नंतर निळ्या-पांढऱ्या सजावटीची आणि त्यापाठोपाठ युनिकॉर्न, डायनासोर, अवकाश यांची लाट आली.

या सगळ्या थीम दोन जातींच्या आहेत, आणि हा फरक निवडताना फार कमी पालक करतात. पहिली जात चित्राची. तिच्यात पात्र बदलले तरी कार्यक्रम तोच राहतो. दुसरी जात कृतीची. ‘किल्ला’ ही थीम घेतली तर दिवाळीत किल्ले करणाऱ्या पुण्याच्या मुलांना काही समजावून सांगावे लागत नाही. पुठ्ठ्याची खोकी रचून तट उभारायचा, कागदाच्या गोळ्यांनी तो पाडायचा, खुणांच्या चिठ्ठ्यांवरून खजिना शोधायचा. शाडूची माती, भातुकली, सोपे विज्ञानप्रयोग, जंगलातले माग ओळखणे यांतूनही असाच कार्यक्रम आपोआप निघतो. चित्राच्या थीमचा बहुतेक खर्च पडद्यावर जातो आणि मुले त्याच्याकडे फोटोपुरतीच पाहतात. कृतीच्या थीमला सजावट थोडी पुरते, कारण मुले जे करतात तेच खोली सजवते.

सजावटीच्या साहित्यात मोठा बदल कायद्याने घडवला. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि त्या वर्षीच्या २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले-चमचे आणि थर्माकोलची सजावट त्यात गेली. गणपतीच्या मखरांबरोबर वाढदिवसाला थर्माकोलमध्ये नाव कापून देणाऱ्यांचे कामही बसले. १ जुलै २०२२ पासूनच्या देशव्यापी बंदीत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलकही आले. आता लोखंडी गोल चौकटीवर ताणून बसवायचे छापील कापड वापरतात. ते घडी करून परत नेता येते आणि पुढच्या घरी पुन्हा लावता येते, म्हणून भाड्यानेही मिळते. बंदीमुळे झालेला हा बदल सोसायट्यांनाही मानवला, कारण चौकट स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि क्लबहाऊसच्या रंगवलेल्या भिंतीला खिळा किंवा चिकटपट्टी लागत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने दुसरा बदल केला. वाढदिवस पडद्यावर गेला. झूमच्या फुकट जोडणीला चाळीस मिनिटांची मर्यादा होती आणि लहान मुलांना ती नेमकी पुरली. घरातल्या घरात वस्तू शोधून आणायचे खेळ घेणारे होस्ट याच काळात तयार झाले. सोसायटीतच केक करणाऱ्या गृहिणींना तेव्हा मोठे गिऱ्हाईक मिळाले आणि ते पुढेही टिकले. अशा घरगुती केकवाल्यांनाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक विचारून घेणे, हा ऑर्डर देण्याआधीचा पहिला प्रश्न असायला हवा.

आजचा नेहमीचा वाढदिवस कसा उभा राहतो, हे एका नमुन्यावरून पाहता येईल. मूल पाच वर्षांचे, बोलावलेली मुले पंचवीस, वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. या वयात पालक थांबतात, म्हणून आणखी पंधरा-वीस मोठी माणसे धरावी लागतात. क्लबहाऊसची नोंदणी आणि अनामत आधीच भरलेली असते. डेकोरेटर, होस्ट, केकवाला आणि पॉपकॉर्नवाला यांची नावे व गाडीचे क्रमांक आदल्या दिवशी फाटकावरच्या अ‍ॅपवर टाकावे लागतात. ते राहून गेले तर ऐन वेळी कोणीतरी फाटकावर अडकतो आणि घरचे माणूस फोनवर.

डेकोरेटर दुपारी दोनला येतो. आठ-दहा फुटांच्या फुग्यांच्या कमानीला लहानमोठे मिळून शंभर-सव्वाशे फुगे लागतात. विजेच्या पंपाने दोन माणसांना दीड-दोन तास पुरतात. कमान साध्या हवेच्या फुग्यांची होते, त्यामुळे ती आधी केली तरी चालते. मात्र उघड्या पोडियमवर उन्हात ठेवली तर गडद रंगाचे फुगे आधी फुटतात. तरंगणारे फुगे हवे असतील तर त्यांत हेलियम आहे की हायड्रोजन, हे विचारलेच पाहिजे. हायड्रोजन स्वस्त असतो आणि मेणबत्तीच्या ज्योतीने भडकतो. फवाऱ्याने उडवायचा खोटा बर्फही जळत्या मेणबत्तीजवळ तितकाच धोक्याचा. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचलावे लागतात, कारण पाहुण्यांबरोबर आलेली वर्ष-दीड वर्षाची भावंडे ते तोंडात घालतात.

पॉपकॉर्नचे आणि कॉटन कँडीचे अशी दोन्ही यंत्रे साध्या पिनच्या एकाच बोर्डावर लावली की वीज जाते, आणि ध्वनिवर्धकही बंद पडतो. त्यांना सोळा अँपियरची वेगवेगळी जागा लागते. ती कोठे आहे हे सोसायटीच्या वायरमनला सकाळीच विचारून ठेवलेले बरे. डोसा किंवा पास्त्याचा ‘लाइव्ह काउंटर’ गॅसच्या टाकीवर चालतो, म्हणून अनेक सोसायट्या तो बंद खोलीत चालू देत नाहीत. बाहेर मोकळ्यावर मांडतात.

सर्वांत जास्त चूक वेळेच्या मांडणीत होते. साडेपाचचे आमंत्रण असले तरी निम्मी मुले सहाला येतात. सुरुवातीच्या अर्ध्या तासात टॅटू किंवा रंगकाम ठेवले तर उशिरा येणाऱ्याचे काही बुडत नाही आणि लवकर आलेला कंटाळत नाही. सहा ते पावणेसात होस्टचे खेळ. मग जादूचे प्रयोग असतील तर वीस-पंचवीस मिनिटे. जादूगार रघुवीरांच्या या शहरात लहान कार्यक्रम करणारे जादूगार अजूनही मिळतात आणि पाच वर्षांच्या मुलांना खाली बसवण्याची त्यांच्याइतकी हातोटी क्वचितच कोणाकडे असते. सव्वासातला केक आणि लगेच खाणे. केक आठपर्यंत लांबला की मुले भुकेने चिडतात. क्रीमचा केक शीतकपाटाबाहेर फार काळ राहिला की त्याच्या कडा ढळू लागतात, म्हणून तो सातनंतरच बाहेर काढतात. एक किलोत दहा-बारा माणसांचे होते. मोठ्यांचे तुकडे लहान धरून येथे तीन किलो पुरतो.

होस्टची पकड सुटल्याची खूण ओळखता येते. मुले बसलेली असतात तोवर कडेची दोन-तीन उठून खांबाभोवती पळू लागतात, आणि पाच मिनिटांत बाकीची त्यांच्यामागे जातात. अशा वेळी ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवून उपयोग होत नाही. काचेच्या भिंतींच्या क्लबहाऊसमध्ये तो घुमतो आणि सूचना कळेनाशा होतात. खेळ बदलणे किंवा खाणे पुढे घेणे हाच उपाय.

रिटर्न गिफ्टमध्ये संकुलाची खरी अडचण उघडी पडते. बाहेर खेळणारी इमारतीतली मुले संगीत ऐकून आत येतात, आणि आलेल्या मुलाला परत पाठवणे कोणालाच जमत नाही, जमूही नये. पंचवीस बोलावली असतील तर तीस-बत्तीस भेटी ठेवाव्या लागतात. प्रत्येकावर नाव छापून घेतलेल्या बाटल्या किंवा डबे येथे गैरसोयीचे, कारण नाव नसलेल्या मुलाला देण्यासारखे काही उरत नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेली छोटी पुस्तके, रंगखडू किंवा बियांसह कुंडी यांत ही अडचण नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो. बहुतेक सोसायट्यांचे स्वतःचे नियम त्याहून आधीची वेळ देतात. साडेआठनंतर डेकोरेटर चौकट आणि कापड नेतो. ओला-सुका कचरा वेगळा करून खोली झाडून दिली की अनामत परत मिळते. हे काम कोणाचे, ते सौदा ठरतानाच बोलून ठेवले नसेल तर रात्री ते यजमानांवर येते.

अलीकडे एका इमारतीतली, एकाच महिन्यात जन्मलेली दोन-तीन मुले मिळून एकच कार्यक्रम करू लागली आहेत. भाडे आणि होस्ट वाटून घेतात, केक मात्र प्रत्येकाचा वेगळा कापला जातो. नऊ-दहा वर्षांनंतर कमान आणि पडदा मुलेच नको म्हणतात. मग टर्फवर तासभर फुटबॉल किंवा बॉक्स क्रिकेट, नंतर घरी पावभाजी आणि चार मित्र रात्री मुक्कामाला, असा वाढदिवस होतो, आणि त्याची सगळी व्यवस्था मुले स्वतःच ठरवतात.