मरून म्हणजे नेमका कोणता?

मोठ्या कंपन्या आपल्या रंगाबाबत किती काटेकोर असतात, याचं ठळक उदाहरण म्हणजे टिफनी. या अमेरिकी जवाहिऱ्यांच्या डब्याचा निळसर-हिरवा रंग पँटोन कंपनीने खास त्यांच्यासाठी नक्की केला आहे. त्याचा क्रमांक १८३७, म्हणजे टिफनीच्या स्थापनेचं वर्ष. छपाई कुठेही होवो, रंग तोच यायला हवा. टिफनीएवढा आटापिटा प्रत्येकाला परवडत नाही, पण आता लहानसहान ब्रँडकडेही रंगांची नियमपुस्तिका असते आणि तीत प्रत्येक रंगाचा सहा अक्षरी हेक्स कोड दिलेला असतो.

अडचण सुरू होते ती जाहिरातीचं चित्र छायाचित्रकाराऐवजी एआयकडून करून घ्यायचं ठरतं तेव्हा. समजा, लोणची आणि मसाले विकणारा एक छोटा ब्रँड आहे. त्याचा रंग गडद, किंचित जांभळ्याकडे झुकणारा लाल आहे आणि कोड आहे `#7B1E3A`. दिवाळीच्या जाहिरातीसाठी याच रंगाच्या बरणीचं चित्र हवं आहे. डिझायनर प्रॉम्प्टमध्ये सरळ कोड लिहितो. बरणी येते, पण विटकरी. पुन्हा मागितली की येते चेरीसारखी लालभडक.

याचं कारण ही मॉडेल शिकतात कशी, यात आहे. त्यांना कोट्यवधी चित्रं आणि त्या चित्रांखालच्या ओळी दाखवलेल्या असतात. त्या ओळींत लोकांनी ‘मरून साडी’, ‘नेव्ही ब्लू सूट’ असं लिहिलेलं असतं. हेक्स कोड क्वचितच कोणी लिहितं. त्यातून मॉडेल वाचताना मजकुराचे तुकडे पाडतं आणि त्यात `#7B1E3A` फुटून विस्कळीत अक्षरं-आकडे होतात. काही नवी मॉडेल याला अपवाद आहेत. फ्लक्स २ प्रॉम्प्टमधला हेक्स कोड समजून घेतं, तर आयडिओग्राम आणि रिक्राफ्ट यांच्यात रंगांची यादी वेगळी देता येते. तिथे कोड जरूर द्यावा. पण इतर ठिकाणी भिस्त शब्दांवरच ठेवावी लागते, आणि शब्द फसवे असतात.

या बरणीला बहुतेक जण मरून म्हणतील. पण वेबपानांच्या भाषेत, म्हणजे सीएसएसमध्ये, maroon या नावाचा कोड आहे `#800000`. त्यात निळ्याचा अंशही नाही. आता याच नावाचा दुसरा अर्थ पाहू. एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालेचे कर्ते रँडल मन्रो यांनी २०१० मध्ये रंगांच्या नावांची एक मोठी ऑनलाइन पाहणी केली होती. पडद्यावर रंग दाखवायचा आणि लोकांनी त्याला सुचेल ते नाव द्यायचं. त्यातून ९५४ नावांची यादी तयार झाली. तीत मरूनचा कोड निघाला `#650021`, म्हणजे अधिक काळपट आणि निळ्याकडे सरकलेला.

दोन रंगांतलं अंतर मोजायला ‘डेल्टा ई’ नावाचं माप आहे. ते १ च्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. या मापाच्या १९७६ सालच्या मूळ सूत्राने हिशेब केला, तर आपल्या बरणीच्या रंगापासून सीएसएसचा मरून सुमारे ३२ वर आहे आणि लोकांचा मरून सुमारे १० वर. नाव तेच, पण एक अर्थ तिप्पट लांबचा! मॉडेल लोकांनी लिहिलेल्या ओळींवर शिकलेलं असल्यामुळे त्याचा अर्थ दुसऱ्याच्या जवळ असण्याची शक्यता अधिक. तरीही ते गृहीत न धरता तपासावं. मरून, बर्गंडी, वाइन, ऑक्सब्लड अशा शेजारच्या नावांनी एकाच साध्या बरणीची चित्रं काढावीत, सीड क्रमांक आणि बाकी मजकूर अजिबात बदलू नये, आणि कोणतं नाव आपल्या रंगाच्या सर्वांत जवळ येतं ते लिहून ठेवावं. मॉडेल बदललं, की ही नोंद नव्याने करावी लागते.

जवळचं नाव सापडलं, की उरलेलं अंतर विशेषणांनी कापायचं. `#7B1E3A` नीट पाहिला तर त्याची तीव्रता साधारण ६० टक्के आहे, म्हणजे रंग भडक नाही, जरा मवाळ आहे. उजळपणा ३० टक्के आहे, म्हणजे गडद, पण काळपट नव्हे. आणि झुकाव जांभळ्याकडे आहे. या तीन गोष्टी सांगितल्या, की छटा बरीचशी बांधली जाते. ‘सुंदर’, ‘समृद्ध’ अशी विशेषणं इथे निरुपयोगी. vibrant तर घातकच, कारण तो शब्द तीव्रता वाढवतो. cinematic लिहिलं तर अनेकदा सावल्या निळसर-हिरव्या आणि उजेड नारिंगी होतो, कारण चित्रपटांतली ती रंगसंगती मॉडेलने भरपूर पाहिलेली असते. प्रॉम्प्ट असा होतो:

```
matte ceramic jar in deep burgundy,
slightly muted, leaning toward plum;
cream cotton cloth, brass plate;
neutral daylight from the front;
small lit diyas far in the background
```

यात कापड आणि ताटाचा रंगही सांगितला आहे, तो उगीच नाही. एखादा रंग ठासून सांगितला की तो शेजारच्या वस्तूंवर सांडतो. बरणीबरोबर मेजपोस आणि भिंतही बर्गंडी होते. प्रत्येक वस्तूला तिचा रंग दिला की ही गळती बरीच कमी होते. मॅट म्हणण्याचंही कारण आहे. चकचकीत पृष्ठभागावर उजेडाचे पांढरे पट्टे येतात आणि खरा रंग दिसायला जागाच उरत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा करतो तो प्रकाश. विटकरी बरणीमागचा मोठा संशयित दिवाळीच होती. पणत्यांचा पिवळा उजेड बरणीवर पडला, की रंगातली निळी झाक मरते आणि विटकरीपणा उरतो. खऱ्या कॅमेऱ्यासमोरही हेच झालं असतं. म्हणून पणत्या मागे, लांब ठेवल्या आहेत आणि बरणीवर समोरून दिवसाचा साधा उजेड मागितला आहे.

चित्र आलं, की डोळ्यावर विसंबू नये. कोणत्याही चित्रसंपादकातलं आयड्रॉपर घ्यावं, पण एका पिक्सेलवर न टेकवता ११ बाय ११ पिक्सेलची सरासरी घ्यावी. जागा निवडावी ती ना चमकणारी, ना सावलीतली. येणारा कोड मूळ कोडाशी ताडावा. उजेडात ठेवलेल्या गोल वस्तूवर एकच कोड सगळीकडे सापडणार नाही. तो चित्राचा दोष नाही. पण मधल्या भागातही रंग जांभळ्याऐवजी तांबूस निघाला, तर प्रॉम्प्टमध्ये झुकावाचा शब्द बदलावा. नुसता गडद-फिका झाला असेल, तर नवं चित्र मागत बसण्यापेक्षा संपादकात उजळपणा सरकवणं सोपं.

शब्दांनी हे अंतर शून्यावर येत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. लोगो, लेबल आणि सपाट रंगपट्टा मॉडेलकडून काढूनच घेऊ नयेत. ते मूळ फायलीतून, मूळ कोडासह चित्रावर बसवावेत. चित्र छापायचं असेल, तर प्रेसकडून आधी प्रूफ मागवावा आणि तो पँटोनच्या छापील पट्टीशेजारी धरून, दिवसाच्या उजेडात पाहूनच मंजूर करावा.