ब्रह्मगिरीच्या कातळापासून बॅरन बेटापर्यंत

त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी डोंगर काळ्या कातळाचा आहे. हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग त्यावर पुढचा थर आला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्याच थरांच्या आहेत. तप्त शिलारस थंड होऊन बनलेल्या अशा खडकाला अग्निजन्य खडक म्हणतात. बेसॉल्ट जमिनीवर लवकर थंड झाला, म्हणून त्यातले स्फटिक नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. खोल जमिनीखाली सावकाश थंड झालेल्या ग्रॅनाइटमध्ये ते सहज दिसतात.

आता या कातळाचा एक तुकडा निवडून त्याचा माग काढू. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे त्याला फोडतात. पण खरे काम पाणी करते. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी असते. ते बेसॉल्टमधल्या खनिजांशी रासायनिक क्रिया करते आणि त्यांची चिकण माती होते. आपल्याकडची काळी माती बरीचशी अशीच तयार झाली. खनिजांतला काही कॅल्शियम विरघळून पाण्याबरोबर निघून जातो, तर मॅग्नेटाइटसारखे चिवट काळे कण वाळूत उरतात. एक गोष्ट मात्र बेसॉल्ट जवळपास देऊ शकत नाही: क्वार्ट्झची पांढरी वाळू. कारण त्यात क्वार्ट्झ नसल्यासारखेच असते. गोदावरीला अशी वाळू मुख्यतः पुढे, तेलंगणातून जाताना लागणाऱ्या जुन्या खडकांतून मिळते.

गोदावरी 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे प्रवाह मंदावतो. जाड वाळू आधी खाली बसते, बारीक चिखल आणखी दूर जातो. थरावर थर साचत जातात, वरच्या वजनाने खालच्या थरांतले पाणी पिळून निघते आणि खनिजे कणांमधल्या फटी भरून त्यांना सांधतात. मग वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा पंकाश्म. विरघळून गेलेला कॅल्शियम समुद्रातले जीव शंख-शिंपल्यांसाठी वापरतात. ते कवच साचून चुनखडक बनतो. हे सगळे स्तरित खडक. थर आणि जीवाश्म या त्यांच्या ओळखीच्या खुणा.

पुढचा बदल खोलीमुळे होतो. जमिनीत साधारण दर किलोमीटरला तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. पंकाश्म दहा-पंधरा किलोमीटर खोल गेला, तर तो वितळत नाही. घन अवस्थेतच त्याची खनिजे बदलतात. दाबामुळे अभ्रकासारखे चपटे कण एका दिशेने लागतात, त्यामुळे स्लेटला पातळ पापुद्रे सुटतात. उष्णता आणखी वाढली की चमकदार शिस्ट आणि पुढे पट्ट्यापट्ट्यांचा नीस तयार होतो. चुनखडकाचा संगमरवर होतो. हे रूपांतरित खडक.

उष्णता याहूनही वाढली, तर खडक वितळू लागतो. इथे पाण्याचे काम मोठे आहे: खडकात पाणी असेल तर तो कमी तापमानाला वितळतो. बंगालच्या उपसागराच्या पूर्वेला हेच घडत आहे. उपसागराच्या तळाचा कवच अंदमानच्या खाली सरकतो आहे. तळावरचा बराच गाळ खाली जाताना खरवडला जाऊन अंदमानच्या बेटांच्या कडेला साचतो. खाली जाणारे कवच तापले की त्यातले पाणी सुटते, वरच्या तप्त खडकात शिरते आणि त्याचा शिलारस बनतो. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, याच रांगेत आहे. सुमारे दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या शांततेनंतर तो 1991 साली पुन्हा जागा झाला.

गोदावरीचा प्रत्येक कण तिथपर्यंत पोहोचेलच असे नाही. बराच गाळ किनाऱ्याजवळच राहतो. काही थर खडक झाल्यावर उचलले जाऊन पुन्हा झिजतात, रूपांतरित न होताच. एव्हरेस्टच्या माथ्यावर असलेला चुनखडक एकेकाळी समुद्रतळाशी होता, आणि आता तो बर्फवाऱ्याने झिजतो आहे. बेसॉल्टही थेट खोल गाडला गेला तर गाळ न होता रूपांतरित खडक बनू शकतो. पुस्तकात गोल बाणांची आकृती असते, पण खडक त्या वर्तुळात एका दिशेने फिरत नाही. कुठल्याही टप्प्यावरून दुसऱ्या कुठल्याही टप्प्याकडे वळू शकतो.

नदीकाठी दगड हाती घेतलात, तर आधी ताजा फुटलेला पृष्ठभाग पाहा, कारण वरची साल झिजलेली असते. लिंबाचा रस टाकल्यावर बारीक बुडबुडे आले, तर तो बहुधा चुनखडक किंवा संगमरवर आहे. नाशिक-पुण्याच्या नद्यांत तुम्हाला बहुतेक बेसॉल्टच सापडेल. पट्ट्यांचा नीस पाहायचा असेल, तर भंडारा किंवा सिंधुदुर्गाकडे शोधा.