भाडे कार्डावर भरले, पण शेठच्या खात्यात पोहोचले का?

दुकानाचे किंवा कारखान्याच्या गाळ्याचे भाडे महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे असते आणि गिऱ्हाइकाकडची उधारी वीस तारखेशिवाय येत नाही. ही ओढाताण आपल्या कारागीर बांधवांना नवी नाही. गेल्या काही वर्षांत या अडचणीवर क्रेडिट कार्डाचा उपाय निघाला. घरमालक काही कार्ड घेत नाही. म्हणून मध्ये एक कंपनी उभी राहते. ती आपल्या कार्डावरून पैसे घेते, स्वतःचे शुल्क कापते आणि मालकाच्या बँक खात्यात भाडे जमा करते. कार्डाचे बिल आपण पुढच्या महिन्यात भरायचे. ऐकायला सोपे आहे. परंतु मध्येच रक्कम अडकली तर काय होते, हे मदनपुऱ्यातील बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराच्या अनुभवावरून समजून घेऊ.

त्यांच्या गाळ्याचे भाडे तीस हजार रुपये. ३ जुलै २०२४ रोजी संध्याकाळी त्यांनी मोबाइलवरील एका ॲपमधून कार्डाने भाडे भरले. पडद्यावर हिरव्या खुणेसह Payment Successful अशी अक्षरे आली आणि ते निश्चिंत होऊन शिलाईला बसले. ८ तारखेला मालकाचा फोन आला, "मियाँ, या महिन्याचे भाडे विसरलात काय?" त्यांनी पडद्याचा फोटो पाठविला. शेठ म्हणाले, "फोटो तुमच्याकडे आहे, पैसे माझ्याकडे नाहीत."

दोघेही खरेच बोलत होते. या व्यवहाराचे दोन वेगळे तुकडे असतात. पहिल्या तुकड्यात कार्डाची बँक मधल्या कंपनीला पैसे देते. बँकेच्या दृष्टीने दुकानदार म्हणजे ती कंपनीच, आणि तिला पैसे मिळाले की खरेदी पुरी झाली. पडद्यावरचे "यशस्वी" एवढ्यापुरतेच असते. दुसऱ्या तुकड्यात ती कंपनी मालकाच्या खात्यात रक्कम पाठविते, आणि गाडी बहुधा इथेच रुळावरून घसरते. मालकाला मात्र पहिल्या तुकड्याशी काही देणेघेणे नाही. त्याच्या हाती पैसे पडेपर्यंत भाडे थकलेलेच धरले जाते.

या कारागिराच्या बाबतीत कारण अगदी क्षुल्लक निघाले. मालकाचे खाते पूर्वीच्या आंध्रा बँकेत होते. ती बँक एप्रिल २०२० मध्ये युनियन बँकेत विलीन झाली आणि शाखांचे आयएफएससी कोड बदलले. भाडेकरूने जुन्या पासबुकावरचा कोड भरला होता. रक्कम मालकाच्या बँकेच्या दारावरून परत फिरली. खात्यावरचे नाव आणि ॲपमध्ये भरलेले नाव जुळले नाही, तरी असेच होते. आणखी एक कारण आहे आणि ते जरा नाजूक आहे. अनेकांनी भाऊ किंवा मेहुणा यांना "घरमालक" दाखवून कार्डावरून रोख उचलण्याचा मार्ग काढला. त्यामुळे कंपन्या संशय आला की रक्कम रोखून भाडेकरार मागतात. दोषी थोडे असतात, पण खोळंबा खऱ्या भाडेकरूचाही होतो.

अशा वेळी पहिली गोष्ट मागायची ती यूटीआर क्रमांक. कंपनीने मालकाच्या खात्यात रक्कम खरोखर पाठविली असेल तर त्या पाठवणीला हा क्रमांक मिळतो, आणि मालक तो आपल्या बँकेत दाखवून चौकशी करू शकतो. ॲपवर दिसणारा ऑर्डर क्रमांक वेगळा, कार्डाच्या बिलावरचा क्रमांक वेगळा; मालकाच्या बँकेला त्यांचा उपयोग नाही. यूटीआर देण्याऐवजी कंपनी "प्रक्रिया सुरू आहे" असे सांगत राहिली, तर पैसे अजून तिच्याकडेच आहेत असे समजून चालावे. या कारागिराला ११ तारखेपर्यंत तेच उत्तर मिळाले. शेवटी अस्तर आणि चेन घेण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्यांनी शेठला तीस हजार रोख दिले, आणि पावती घेतली हे बरे केले.

१६ तारखेला ॲपने तीस हजार कार्डावर परत केले. कार्डावरून गेले होते मात्र ३०,५३१ रुपये, कारण कंपनीचे शुल्क दीड टक्का म्हणजे ४५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ८१ रुपये. ते ५३१ परत आलेच नाहीत. १८ तारखेच्या बिलात आणखी ३६० रुपये दिसले. हे बँकेचे स्वतःचे भाडे-शुल्क होते: एक टक्का आणि त्यावर जीएसटी. याची त्यांना कल्पनाही नव्हती, कारण ॲपच्या पडद्यावर बँकेचे शुल्क दिसत नाही. आयसीआयसीआय बँकेने असे एक टक्का शुल्क २० ऑक्टोबर २०२२ पासून लावले. एसबीआय कार्डने नोव्हेंबर २०२२ मध्ये ९९ रुपये व जीएसटी लावला आणि मार्च २०२३ मध्ये ९९ चे १९९ केले. प्रत्येक कार्डाचा दर निराळा असतो.

व्यवहार सुरळीत झाला असता तरी हिशेब काय होता? ३ जुलैला भरलेले भाडे, बिल फेडायची तारीख ७ ऑगस्ट, म्हणजे ३५ दिवसांची सवलत. त्यासाठी ८९१ रुपये खर्च. वर्षाच्या दराने मोजले तर हे एकतीस टक्क्यांच्या आसपास जाते! शिवाय भाड्याच्या व्यवहारावर अनेक बँका बक्षिसाचे गुणही देत नाहीत. आणि बिल पूर्ण न फेडता किमान रक्कम भरली, तर खर्चाच्या तारखेपासून व्याज चालू होते. अनेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असते. व्याजापासून दूर राहण्यासाठीच दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्या बांधवांनी येथे विशेष जपावे. परतावा अडकला म्हणून बिल थांबत नाही. देय तारखेपूर्वी परतावा कार्डावर आला तर बँकेने तो देय रकमेतून लगेच वजा करावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारखेनंतर आला तर तोपर्यंतची भरपाई आपल्यालाच करावी लागते.

तक्रार दोन ठिकाणी लेखी करावी लागते, कंपनीकडे आणि कार्डाच्या बँकेकडे. बँकेला "पैसे कापले" एवढेच लिहिले तर ती व्यवहार यशस्वी आहे असे उत्तर देते. म्हणून "ज्या सेवेसाठी पैसे दिले ती सेवा मिळाली नाही" असे लिहावे आणि सोबत मालकाच्या त्या आठवड्याच्या खाते-उताऱ्याची प्रत जोडावी. तीस दिवसांत बँकेचे उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनामूल्य तक्रार करता येते. या कारागिराने असेच पत्र लिहिल्यावर कंपनीने ५३१ रुपये परत केले. बँकेने आपले ३६० सोडले नाहीत.

दरम्यान बाजाराचे चित्रच बदलले. १५ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी नवे निर्देश काढले. ज्या व्यापाऱ्याशी कंपनीचा करार आहे आणि ज्याची ओळख तिने तपासली आहे, त्याच्यासाठीच तिने पैसे गोळा करावेत, असा त्याचा आशय आहे. सामान्य घरमालकाशी कंपनीचा असा करार नसतो. त्यामुळे अनेक मोठ्या ॲपनी कार्डावरून भाडे भरण्याची सोय त्याच महिन्यात बंद केली. मालकाला रीतसर नोंदवून घेणाऱ्यांना वाट मोकळी आहे. तेव्हा कोणी ही सेवा देऊ केली तर आधी शेठला विचारावे, "या कंपनीने तुमची कागदपत्रे घेऊन करार केला आहे काय?" उत्तर नाही असेल, तर कार्ड खिशातच ठेवावे.

मदनपुऱ्याच्या त्या कारागिराने शेठशी बोलून भाड्याची तारीख पाचवरून बावीस करून घेतली. करारनाम्याच्या पुढच्या नूतनीकरणात ती लेखी घातली गेली, आणि त्यासाठी शेठने एक पैसाही मागितला नाही.