शेकाला पत्ता लागतो

सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं दाटीनं राहतात. तंबाखू-गुटख्यातून होणारा गालाचा कॅन्सर तिथे कुणाला नवा नाही. ऑपरेशन झालं की पुढे ‘शेक’ घ्यायचा असतो. रेडिओथेरपीला सुरतेत सरसकट हाच शब्द आहे. हल्ली त्याच वेळी घरचे विचारतात, शेकाऐवजी ते नवं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन देता येणार नाही का? हा प्रश्न चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो, असं मला वाटतं. जुनं आणि नवं अशी ही एकाच उपचाराची दोन रूपं नाहीत. शेकाला पेशींचा पत्ता लागतो. इंजेक्शनला त्या पेशी ओळखणारं कुणीतरी शरीरात आधीपासून असावं लागतं.

पत्त्याची काळजी किती घेतात ते मास्कमध्ये दिसतं. गरम पाण्यात मऊ केलेला प्लास्टिकचा जाळीदार पत्रा चेहऱ्यावर दाबतात आणि काही मिनिटांत तो नाकाडोळ्यांचा आकार धरून कडक होतो. मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो. मग रोज तोच मास्क टेबलाला घट्ट बसवून त्यावरच्या खुणा लेझरच्या रेषांशी जुळवतात, कारण किरण थोडे जरी सरकले तरी गाठीच्या जागेऐवजी लाळेच्या ग्रंथीला मार बसतो. गालाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला साधारण ६० ग्रे लागतात, रोज २ ग्रे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. मशीन चालू असताना काहीही जाणवत नाही. शेक म्हटलं तरी त्यात ऊब नसते. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. एकच धागा तुटला तर पेशी तो सांधून घेते, पण दोन्ही धागे एकाच जागी तुटले की सांधणं अवघड जातं. अशी पेशी लगेच मरत नाही. पुढे विभागायला गेली की तुटलेला डीएनए नीट वाटता येत नाही आणि तेव्हा ती संपते. निरोगी पेशींना दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून डोस रोज थोडाथोडा देतात. मात्र मध्येच लग्नासाठी जळगाव-धुळ्याला जाऊन आठवडाभर खाडा केला, तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी तेवढ्या दिवसांत पुन्हा वाढतात. म्हणूनच डॉक्टर खाड्यावर इतके चिडतात.

इंजेक्शन कॅन्सरच्या पेशीला हातही लावत नाही. आपल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. गाठ आपल्या अंगावरच्या पीडी-एल१ प्रथिनाने तो ब्रेक दाबून धरते आणि जवळ आलेली टी-पेशी थंड पडते. निवोलुमॅबसारखं औषध त्या ब्रेकवर जाऊन बसतं, म्हणजे गाठीला तो दाबता येत नाही. मारण्याचं काम टी-पेशीच करते, आणि ती रक्तातून फिरत असल्यामुळे फुप्फुसात गेलेली, पत्ता माहीत नसलेली पेशीही तिला सापडू शकते. पण गाठीजवळ ओळख पटलेल्या टी-पेशीच नसतील तर ब्रेक सोडून उपयोग काय? तोंड-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये नुसत्या या औषधाने गाठ ठळकपणे आकसते ती पाचांतल्या एकाचीही जेमतेम. जागेवरच्या, बऱ्या होण्याजोग्या आजारात शेक सोडून हा जुगार खेळणं मला पटत नाही.

मग दोन्ही एकत्र का देऊ नये? तर्क सरळ वाटतो, पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत केमो-शेकासोबत अवेलुमॅब देऊनही फायदा झाला नाही. एक संभाव्य कारण असं की मानेतल्या ज्या लसिकाग्रंथींत टी-पेशींना ओळख शिकवली जाते, त्यांवरही शेक पडतो, आणि टी-पेशींसारख्या लिम्फोसाइट तर थोड्याशा किरणांनीही मरतात. २०२५ च्या दुसऱ्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब ऑपरेशनच्या आधीच सुरू केलं, नंतरही चालू ठेवलं, आणि आजार परतण्याचं प्रमाण घटलं. गाठ अंगात असतानाच टी-पेशींना ती दाखवली गेली, म्हणून हे झालं असावं. पण त्यातही ऑपरेशननंतरचा शेक होताच.

इंजेक्शन फार महाग पडतं हा आक्षेप खरा आहे, आणि त्यावरचं सर्वांत चांगलं उत्तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं दिलं. बरा न होणाऱ्या, परतलेल्या किंवा पसरलेल्या आजाराच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना केमोच्या स्वस्त गोळ्या दिल्या, निम्म्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० असतो. वर्षानंतर गोळ्यांवरचे १६ टक्के हयात होते, इंजेक्शन घेतलेले ४३ टक्के. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. डोस इतका कमी करूनही काम होतं, कारण टी-पेशींवरच्या ब्रेकच्या जागा मोजक्या असतात. त्या भरल्या की वरचं औषध रक्तात नुसतं फिरत राहतं. शेकात असं होत नाही. तिथे डोस कमी केला की तेवढ्या जास्त पेशी जिवंत राहतात.

त्रासही याच फरकाने येतो. शेकाचे फोड तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, तोंडात, किरण पडले त्याच जागी येतात. इंजेक्शननंतर मात्र सुटलेली टी-पेशी थायरॉइडवर, आतड्यावर, फुप्फुसावर कुठेही जाऊ शकते, कधी औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही. म्हणून अशा रुग्णाला जुलाब लागले किंवा कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली, तर गल्लीतल्या दवाखान्यात गोळी घेण्याआधी ‘मी हे इंजेक्शन घेतलंय’ हे सांगायला हवं.