दोन टाक्या आणि उत्तराकडे जाणाऱ्या फेऱ्या

नर्मदेचं पाणी जलूदहून विंध्याचा चढ चढून, सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून इंदूरच्या टाक्यांत येतं. पुढे पाइपांच्या प्रत्येक जोडावर दाब किती राहील, याचं एकेक समीकरण मांडता येतं. हजारो जोड असले की ती सगळी सोडवायची कशी?

नमुन्यादाखल दोनच टाक्या धरू. एकीत पाण्याची पातळी ३० मीटर, दुसरीत १८. मध्ये सारखे तीन पाइप आणि क, ख हे दोन जोड. नळ सगळे बंद. प्रवाह पातळीतल्या फरकाच्या प्रमाणात असतो असं मानलं (प्रत्यक्षात तसं नसतं, म्हणून समीकरणं पुन्हा पुन्हा रेषीय करून घ्यावी लागतात), तर प्रत्येक जोडाची पातळी दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी येते:

२क − ख = ३०
२ख − क = १८

आता ख शून्य आहे असं खुशाल समजा. पहिल्यावरून क १५ येतो, तो दुसऱ्यात घातला की ख १६.५. पुढच्या फेरीत २३.२५ आणि २०.६२५, मग २५.३१ आणि २१.६६. खरं उत्तर २६ आणि २२. दर फेरीला चूक चौथाई होते. ही गाउस-सायडल पद्धत. गाउसने १८२३ सालच्या एका पत्रात लिहिलं होतं, की असा हिशेब अर्धवट झोपेतही करता येतो.

पण तीच समीकरणं उलटी वापरून पाहा: दुसऱ्यावरून क, पहिल्यावरून ख. सुरुवात उत्तराच्या अगदी जवळून, २५ आणि २१ वरून केली तरी पुढे २४ आणि १८, १८ आणि ६, मग उणे ६ आणि उणे ४२! चूक दर फेरीला चौपट. ज्या अज्ञाताचा सहगुणक, चिन्हं न पाहता, त्या ओळीतल्या बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा मोठा (इथे १ पेक्षा २), तोच त्या ओळीतून काढायचा. असं प्रत्येक ओळीत जमलं, तर सुरुवात कुठूनही करा, फेऱ्या उत्तराकडेच जातात.

लांब लाइनीत मात्र मधल्या जोडांना ही आघाडी नसते: २ विरुद्ध १ अधिक १, बरोबरी. ती फक्त टाकीला लागून असलेल्या जोडांना मिळते. तेवढ्यावरही फेऱ्या उत्तराला पोचतात, कारण सगळे जोड एकमेकांना बांधलेले असतात. दोन्ही टाक्या तोडल्या, तर एकच एक उत्तरही उरत नाही.

वेग मात्र मंदावतो. दोन टाक्यांमध्ये शंभर जोड असतील, तर चूक दहाव्या हिश्श्यावर आणायला सुमारे २,४०० फेऱ्या लागतात. इथेच फसगत होते. एका फेरीत आकडे जेमतेम मिलिमीटरभर हलतात, म्हणून माणूस थांबतो. चूक मात्र अजून मीटरभर असू शकते. थांबण्यापूर्वी लागोपाठच्या दोन बदलांचं गुणोत्तर काढावं. ते ०.९९९ असेल, तर शिल्लक चूक शेवटच्या बदलाच्या जवळजवळ हजारपट असते.

म्हणूनच एपानेट हे पाणीपुरवठ्याचं प्रचलित सॉफ्टवेअर प्रत्येक टप्प्याची रेषीय समीकरणं अशा फेऱ्यांनी नाही, थेट सोडवतं.