दिवेलागणीला बाळ का रडतं?

ताईंनो, समजा बाळ पाच आठवड्यांचं आहे. दिवसभर छान पितं, शू-शी नीट करतं, वजनही वाढतंय. पण संध्याकाळचे सात वाजले की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन रडायला लागतं ते नऊ-दहापर्यंत. घरात कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं आईचं दूध पुरत नाही.

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. याला पोटशूळ म्हणतात. तो दोन-तीन आठवड्यांच्या वयात सुरू होतो, दीड महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतो. खरी खूण ही की रडणं थांबलं की बाळ पुन्हा पहिल्यासारखं हसरं, पिणारं असतं.

आधी पाजताना बघा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं हवं, मान वळलेली नको. तोंड मोठं उघडलं की जवळ घ्या. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे आणि हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे. चुटचुट आवाज येत असेल किंवा बोंड दुखत असेल तर पकड चुकली. हवा पोटात जाते. बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून बोट घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

पाजून झालं की खांद्यावर उभं धरा, मानेला आधार द्या, पाच-दहा मिनिटं पाठीवर हळू थोपटा. ढेकर आलीच नाही तरी घाबरू नका.

रडू लागलं तर छातीशी घेऊन अंधाऱ्या, शांत खोलीत फिरा, गुणगुणा. हातावर पालथं धरलं तरी काही बाळं शांत होतात. झोपवताना मात्र उताणंच झोपवा. गुटी, मध, ग्राइप वॉटर, पाणी देऊ नका. सहा महिने फक्त आईचं दूध. दुकानातलं औषध मनाने देऊ नका.

तुमचाच जीव मेटाकुटीला आला तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवा आणि सासूबाईंना किंवा गटातल्या शेजारणीला हाक मारा. रागाच्या भरात बाळाला कधीच गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

आता हे नीट लक्षात ठेवा. बाळ दूध ओढत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, हिरवी उलटी होते, शीतून रक्त जातं, पोट फुगून कडक झालंय, जांघेत गाठ आली, श्वास भरभर चालतो, झटके येतात, किंवा बाळ मलूल पडून उठवलं तरी जागं होत नाही, तर तो पोटशूळ नव्हे. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. जिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा. वाटेत बाळाला छातीशी उबेत ठेवा, पीत असेल तर पाजत राहा.

धोक्याची खूण नसेल पण वजन वाढत नसेल, तर आशाताईंना घरी बोलावून पाजण्याची पद्धत दाखवा.