जर्मनीच्या गुणपत्रिकेतला उलटा हिशेब

मुलीने म्युनिकहून किंवा आखेनहून पहिल्या सत्राची गुणपत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली, की इकडे घरी पहिला प्रश्न येतो, "दहापैकी एक पूर्णांक तीन? नापास झाली की काय?" त्यात जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून टिंब नव्हे, स्वल्पविराम छापतात. 1,3 असा आकडा पाहून गोंधळ आणखी वाढतो. खरं तर 1.3 म्हणजे पेढे वाटावेत असे गुण.

जर्मन विद्यापीठांत 1.0 ही सर्वोत्तम श्रेणी. आकडा वाढत जातो तशी कामगिरी खालावते. 1.5 पर्यंत 'अत्युत्तम', 2.5 पर्यंत 'चांगले', 3.5 पर्यंत 'समाधानकारक' आणि 4.0 पर्यंत 'पुरेसे'. चारच्या पुढे थेट 5.0, म्हणजे नापास. एखाद्या परीक्षेत 1.0, 1.3, 1.7, 2.0 अशा ठरलेल्या पायऱ्यांवरच गुण मिळतात, त्यामुळे एका विषयात 1.5 मिळालेले सहसा दिसत नाहीत. ते सरासरीत येतात.

ही उलटी मोजणी आपल्या घरांना तशी नवी नसते. प्रवेशाच्या वेळी मुलांनी ती एकदा केलेली असते. आपले गुण जर्मन श्रेणीत बसवण्यासाठी तिथे 'बव्हेरियन सूत्र' म्हणून ओळखला जाणारा हिशेब वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या उत्तराला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. दहापैकी 8.2 सीजीपीए असेल आणि पास व्हायला 4 लागत असतील, तर 1.8 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1. उत्तर 1.9. पण हे सूत्र तिथल्या प्रवेशासाठी आहे. जर्मन श्रेणीवरून उलट टक्केवारी काढून शेजारच्यांना सांगण्यात अर्थ नाही.

दुसरा स्तंभ क्रेडिटचा. तो कामाचे वजन सांगतो. एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचे काम, सत्राला 30 क्रेडिट आणि दोन वर्षांच्या मास्टर्सला 120. सहा क्रेडिटच्या विषयाला 180 तास धरलेले असतात. वर्गात आठवड्याला चार तास असतील, तर सत्रभरात जेमतेम साठ भरतात. उरलेले वाचन, गणिते, प्रयोग आणि परीक्षेची तयारी. "आठवड्यात इतकेच तास कॉलेज?" असे विचारणाऱ्या आईबाबांना उत्तर या स्तंभात आहे.

श्रेणी आणि क्रेडिट एकत्र कसे येतात, ते एका नमुना सत्रावर पाहू. नऊ क्रेडिटच्या विषयात 2.3, सहा-सहा क्रेडिटच्या तीन विषयांत 1.3, 1.7 आणि 3.0, आणि तीन क्रेडिटचा जर्मन भाषेचा वर्ग, ज्यात फक्त 'उत्तीर्ण' असा शेरा आहे. प्रत्येक श्रेणीला तिच्या क्रेडिटने गुणले की 20.7, 7.8, 10.2 आणि 18 मिळतात. बेरीज 56.7. भाषेचा वर्ग श्रेणीविना असल्याने हिशेबाबाहेर राहतो, म्हणून भागायचे 30 ने नव्हे, 27 ने. सरासरी आली 2.1.

आता अंतिम प्रबंधाचे वजन बघा. तो बहुतेकदा 30 क्रेडिटचा असतो. बाकीच्या 87 क्रेडिटची सरासरी 2.1 राहिली आणि प्रबंधाला 1.3 मिळाले, तर एकूण सरासरी 1.89 येते. आपण ती 1.9 करू. जर्मनीत मात्र दशांशानंतर एकच आकडा ठेवून बाकीचे सोडून देण्याची पद्धत आहे, म्हणून प्रमाणपत्रावर 1.8 छापून येते. इथे हा नियम मुलीच्या बाजूने पडतो.

घरून येणारा एक सल्ला मात्र तिथे चालत नाही: "3.0 आले ना, मग पुन्हा बसून सुधार." उत्तीर्ण झालेला पेपर श्रेणी सुधारण्यासाठी पुन्हा देता येत नाही, असाच सर्वसाधारण नियम आहे. नापास झाल्यास पुन्हा बसता येते, पण अनेक विद्यापीठांत एकूण तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदाही अनिवार्य विषयात 5.0 आले, तर अभ्यासक्रमच सोडावा लागतो. वर्षानुवर्षे एटीकेटी घेऊन पुढे जाण्याची सवय असलेल्यांना हे कठोर वाटेल. म्हणून पहिल्या 5.0 वर ओरडण्यापेक्षा किती संधी उरल्या आहेत ते विचारावे.

मग 2.1 चांगले की मध्यम? ते विषयावर आणि विभागावर अवलंबून आहे. काही विभाग सढळ हाताने गुण देतात, काही अगदी मोजून. पदवीसोबत 'डिप्लोमा सप्लिमेंट' नावाचे इंग्रजी जोडपत्र मिळते. त्यात किंवा त्याच्यासोबत, त्या अभ्यासक्रमात कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाली याचा तक्ता बहुधा असतो. भाच्याच्या किंवा शेजाऱ्याच्या मुलाच्या गुणांशी तुलना करण्याआधी तो तक्ता मागून घ्या.